"दुकानात काम करतो" असं लिहिलं आणि अकरा महिने गेले

प्रश्न: "वडील केंद्र सरकारी पेन्शनर होते, वारले. आता आईला फॅमिली पेन्शन मिळते, आई 74 वर्षांची आहे. बहीण 36 वर्षांची, मतिमंद, 75 टक्क्यांचा दाखला आहे. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिचं नाव नाही. बँकेत विचारलं तर म्हणाले, कोर्टातून पालकत्व आणा. आई गेल्यावर बघायचं की आत्ता काही करता येतं?"

आत्ताच करा. "आई गेल्यावर बघू" हे वाक्य आमच्या घरात दहा वर्षं चाललं, त्याचे परिणाम मी भोगलेत. मी वकील नाही की अकाउंट्सवाला नाही, सोलापुरात राहतो, धाकट्या भावाचं हे काम स्वतः केलंय, एवढंच. तुमच्या घरात पंचविशीच्या आतलं अविवाहित भावंडं कुणी नाही असं धरून लिहितोय, कारण असलं तर हक्कात आधी त्याचा नंबर लागतो.

पहिलं म्हणजे बँकेचा नाद सोडा. बँक फक्त पैसे टाकते. हक्क ठरवतं ते वडील जिथून निवृत्त झाले ते कार्यालय. आईने तिथल्या कार्यालय प्रमुखांच्या नावाने अर्ज द्यायचा, की मुलगी कायमस्वरूपी अपंग आहे, माझ्यानंतर तिला आजन्म फॅमिली पेन्शन मिळावी याची आगाऊ मंजुरी द्या. पेन्शनर स्वतः गेलेला असला तरी फॅमिली पेन्शन घेणारी व्यक्ती असा अर्ज करू शकते. हे एकदा झालं की नंतर आईचा मृत्यूदाखला आणि थोडे कागद एवढ्यावर काम भागतं. अर्ज आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. टेबलावर ठेवून येऊ नका.

आता आमचं काय झालं ते. आई 2022 मध्ये गेली. भावाचं नाव पीपीओवर नव्हतं. भाऊ चुलत्यांच्या चादरींच्या दुकानात दुपारी जाऊन बसतो, घड्या घालतो. चौकोनी घडी त्याला फार छान जमते, कडेला कड लागली नाही तर परत उलगडून घालतो. आम्हाला त्याचं कौतुक. अर्जात भावाची माहिती लिहिताना मी अभिमानाने लिहून टाकलं, "चुलत्यांच्या दुकानात काम करतो." कशाला लिहिलं? कुणी विचारलं नव्हतं. भाऊ अगदीच निकामी नाही हे साहेबांना कळावं, असं काहीतरी डोक्यात होतं.

त्या बाबूने लाल पेनाने ते वाक्य अधोरेखित केलं. "काम करतो म्हणजे कमावतो की ओ. बसत नाही नियमात." फाईल परत. मी सांगितलं, पगार नाही, संध्याकाळी चहा आणि पाव मिळतो. "लेखी आहे, आता काय करणार?" तिथून अकरा महिने. चुलत्यांचं प्रतिज्ञापत्र झालं, भावाच्या बँक पासबुकाच्या प्रती झाल्या, दरवेळी टेबलावर नवा माणूस आणि दरवेळी त्याच लाल रेघेवर बोट. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, आजही त्यांच्याशीच काम पडतं.

गंमत अशी की नियमाने तो बाबूही चुकत होता. 8 फेब्रुवारी 2021 च्या आदेशापासून अपंग मुलासाठी प्रश्न "काम करतो का" हा नाही, "किती मिळतं" हा आहे. फॅमिली पेन्शन सोडून इतर सगळ्या मार्गांचं त्याचं उत्पन्न, त्याला साध्या दराने जी फॅमिली पेन्शन मिळेल तिच्यापेक्षा, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या मूळ पगाराचे 30 टक्के अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा, कमी हवं. समजा मूळ पगार 40,000 होता आणि महागाई 50 टक्के आहे. मग 12,000 अधिक 6,000, मर्यादा झाली महिना 18,000. बहिणीच्या नावावर एफडी असेल आणि महिना 4,000 व्याज येत असेल तर काही अडत नाही, ते मोजून सरळ लिहा. लपवायचं कारणच नाही. म्हणून अर्जात विशेषणं नकोत, आकडा लिहा. "मदत करते", "शिवणकाम शिकते" असलं काही लिहायचंच असेल तर पुढच्याच वाक्यात किती रुपये मिळतात ते लिहा. शून्य असेल तर शून्य.

दुसरी अडचण तुमच्याकडेही निघू शकते: अपंगत्व कधीपासूनचं? आमचा सिव्हिलचा दाखला आई गेल्यानंतरच्या तारखेचा होता. दाखल्याची तारीख उशिराची असली म्हणून हक्क आपोआप जात नाही, पण आईवडील असताना भाऊ असाच होता हे मग आपल्याला दाखवावं लागतं. आम्हाला वाचवलं ते वडिलांच्या ट्रंकेतल्या एका कागदाने. नोकरीत असताना त्यांनी भरलेल्या कुटुंब तपशिलाच्या फॉर्मची कार्बन प्रत. भावाच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात "मतिमंद". कार्यालयाने सेवापुस्तकात असं काही नाही म्हणून सांगितलं होतं. प्रत समोर ठेवल्यावर तेच पान त्यांच्याकडेही निघालं. तेव्हा वडिलांचे जुने कागद रद्दीत घालू नका. बहिणीच्या विशेष शाळेचा प्रवेशाचा कागद, लहानपणचे केसपेपर, रेल्वे सवलतीचा दाखला, जे असेल ते गोळा करा. आणि हातातल्या दाखल्यावर "कायमस्वरूपी" लिहिलंय ना ते आजच बघा. कायमचा असेल तर एकदाच द्यावा लागतो, तात्पुरता असेल तर दर पाच वर्षांनी नवा. 75 टक्के आहे म्हणजे कायमचाच असेल असं समजू नका.

कोर्टाचं पालकत्व. माझ्या मते ते लोकांना घाबरवायलाच सांगतात. मानसिक अपंगत्व असेल तर पैसे पालकामार्फत मिळतात, पण तो पालक पेन्शनरने किंवा त्याच्या पश्चात जोडीदाराने लेखी नेमलेला असला तरी चालतो. म्हणजे तुमची आई आत्ता तुमचं नाव लिहून देऊ शकते. ते याच अर्जासोबत लावा. अशी नेमणूक राहून गेली तर नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिचं पालकत्व प्रमाणपत्रही चालतं. आम्हाला तेच करावं लागलं, कारण आईने काही लिहून ठेवलं नव्हतं. (फक्त शारीरिक अपंगत्व असेल तर पालकाची भानगडच नाही, पैसे थेट त्याच्या खात्यात.)

हे सगळं केंद्राच्या पेन्शनचं. राज्य सरकार किंवा झेडपीवाल्यांचे नियम वेगळे, त्यांनी माझे आकडे धरून भांडू नये. आणि मागे एकाने विचारलं होतं म्हणून: अवलंबून असलेल्या आईवडिलांना 30 टक्क्यांचा हिशेब लागू नाही. त्यांची उत्पन्न मर्यादा 9,000 अधिक महागाई, आणि मुलाच्या मागे बायको-मुलं कुणीच नसतील तरच त्यांचा नंबर, त्यातही आधी आई, मग वडील.

बहिणीचं लग्न करायचं म्हणत असाल तर करा, लग्नामुळे अपंग मुलाची पेन्शन आता थांबत नाही. आमच्या एका नातेवाइकांनी याच भीतीने पोरीचं चांगलं स्थळ घालवलं.

आमची पेन्शन शेवटी थकबाकीसह सुरू झाली. वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्याबरोबर उत्पन्नाची घोषणा द्यावी लागते, ती पालक म्हणून मी भरतो. भाऊ अजून रोज दुपारी दुकानात जातो. फॉर्मवर मी फक्त "इतर उत्पन्न: निरंक" लिहितो आणि सही करतो.