काका अधिकारी, दुकानदार पदवीधर, मेहुणे डॉक्टर : बोंडअळीबाबत कुणाचं ऐकावं?

प्रश्न : आमचे काका निवृत्त कृषी अधिकारी. म्हणतात, बीटीला बोंडअळी लागतच नाही, फवारणीचे पैसे वाया घालवू नका. दुकानदार कृषी पदवीधर आहे, तो म्हणतो आजच दोन औषधं मारा. मेहुणे हाडांचे डॉक्टर, ते म्हणतात फक्त निंबोळी अर्क. कापूस तीन महिन्यांचा झालाय. तिघंही शिकलेले, कुणाचं ऐकू?

उत्तर :

भाऊ, तीन-चार वर्षांपूर्वी मीही असाच अडकलो होतो. आमचं शेत पारोळ्याकडे, त्यामुळे कापसापुरतंच बोलतो.

काका खोटं बोलत नाहीत. त्यांचं ज्ञान जुन्या तारखेचं आहे. आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली 2002 मध्ये, दोन जनुकांचं बोलगार्ड-2 आलं 2006 मध्ये. त्या वर्षांत अधिकाऱ्यानं 'अळीसाठी फवारू नका' सांगितलं असेल तर बरोबरच सांगितलं. अमेरिकन बोंडअळीबाबत ते आजही बरंचसं लागू आहे. पण गुलाबी अळी बदलली. गुजरातेत तिनं आधी पहिल्या बीटीला आणि नंतर बोलगार्ड-2 लाही दाद देणं सोडलं, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात तिनं कापसाचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. काकांना पद विचारू नका. एवढंच विचारा, "काका, हे तुम्ही शेवटचं कोणत्या साली शेतात पाहिलं?"

इथे एक गंमत सांगतो. गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीवर गुलाबी अळी जगते, हे 2010 मध्ये जाहीर केलं ते तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनंच. स्वतःच्या मालाचा दोष स्वतः सांगतो त्याचं बोलणं एरवीपेक्षा जास्त धरावं, कारण त्यात त्याचं नुकसान असतं. पण त्याच निवेदनात उपाय म्हणून कंपनीनं आपलंच पुढचं बियाणं, म्हणजे बोलगार्ड-2, सुचवलं होतं. मग काय करायचं? कबुली घ्यायची आणि उपाय वेगळा तपासायचा. एकाच माणसाच्या दोन वाक्यांना एकच भाव लावायची सक्ती कुणी केलेली नाही.

दुकानदाराचंही तेच. त्याचा नफा बाटलीत आहे म्हणून तो चूकच, असं धरू नका. मी ती चूक केली. दुकानदार म्हणाला 'मारा', तर मी म्हटलं हा विकणारच, आणि घरी आलो. वडिलांनी ऐकून घेतलं आणि अहिराणीत एवढंच म्हणाले, "पहिले बोंड फोडी देख, मंग बोल."

गुलाबी अळी बाहेरून दिसत नाही, हीच खरी अडचण. इवलीशी असतानाच ती बोंडात शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. बोंड वरून हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. म्हणून 'शेत छान दिसतंय' ही साक्ष कुणाचीही असो, इथे बिनकामाची. एकरातून तिरपं चालत वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी, मध्यम बोंडं तोडायची, एका झाडाचं एकच. ती फोडून आत पाहायचं. दोन बोंडांत जिवंत अळी म्हणजे दहा टक्के, तिथे फवारणी परवडते. सोबत कामगंध सापळे लावले असतील तर एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस, हीही तीच खूण. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल, आपली डोमकळी, दिसली तर तीही फोडा.

मी वीस फोडली, तीन बोंडांत अळी निघाली. दुकानदार बरोबर होता! निदान अर्धा. त्यानं दिलेल्या दोन बाटल्यांतली एक कीटकनाशकाची होती, दुसरी 'टॉनिक'. दुसरीनं अळीचं काय होतं असं विचारलं, तर तो 'झाड तरतरीत होतं' म्हणाला. ती परत दिली. लेबलवर कापूस आणि गुलाबी अळी ही दोन नावं आहेत का एवढं पाहून पहिली वापरली.

डॉक्टर मेहुण्यांचं थोडक्यात. पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस खरीच आहे, पण ती पतंग अंडी घालतात त्या सुरुवातीच्या काळासाठी. बोंडात बसलेल्या अळीपर्यंत तो पोचत नाही. हाडं जोडण्याचा त्यात काही संबंध नाही, इतकंच. (गुडघा दुखला तर मी त्यांच्याकडेच जाईन.)

आता नवं मत हवंच असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात कीटकशास्त्राचा माणूस गाठा. त्यालाही पहिला प्रश्न हाच करा, की किती अळ्या दिसल्या तर तुम्ही 'मारा' म्हणाल आणि किती असतील तर 'थांबा'. जो आकडा देतो त्याचं म्हणणं तुम्हाला शेतात जाऊन पडताळता येतं.

उद्या सकाळी बोंडं फोडा आणि वीसपैकी किती निघाली ते इथे टाका. एक निघाली तर आठवडाभर थांबून पुन्हा फोडायची.