बाबांच्या वाढदिवसाचा मेसेज: कुठे लिहावा आणि काय लिहावा

> बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. उद्या त्यांचा वाढदिवस. मागच्या वर्षी त्यांच्याच व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, एकच टिक आली. यंदाही तिथेच लिहू का, की हा वेडेपणा आहे? आणि लिहायचं तरी काय? 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापाचं काही नको वाटतं. हे फक्त माझ्यापुरतं आहे, कुणाला दाखवायचं नाही.

वेडेपणा अजिबात नाही. पण त्या नंबरवर पाठवू नका. तुमची पोस्ट वाचून काल रात्री झोप लागली नाही, कारण मी यातून गेले आहे.

आई गेल्यावर मीही तिच्याच चॅटमध्ये लिहायचे. रोज जिथे बोलणं व्हायचं, तिथेच हात जातो. तिचा नंबर प्रीपेड होता, तिच्या नावावर. तो माझ्या नावावर करून घ्यावा म्हणून मी मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले. मृत्यूचा दाखला, माझं आधार, नातं दाखवणारा कागद आणि भावाचं ना-हरकत पत्र, सगळं बरोबर होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या." दाखला त्याच्यासमोर उघडा पडलेला होता. मी तो त्याच्याकडे सरकवला, तरी त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. शेवटी आतून मॅनेजर आले, कागद घेतले, फॉर्म भरला, माझा फोटो काढला, "होऊन जाईल" म्हणाले.

काही दिवसांनी आईच्या फोनची रेंज गेली. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांनी नाव बदलण्याऐवजी नंबर बंद करण्याचा अर्ज चढवला होता. माझ्याकडच्या पोचपावतीवर 'नाव बदल' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ती दाखवली, तक्रार क्रमांक घेतला, वर अपील केलं. उत्तर आलं, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." नंबर परत मिळाला नाही.

पुढच्या वाढदिवसाला मी सवयीने तिथेच लिहिलं. चांगलं लांबलचक लिहिलं. बाबांच्या तब्येतीबद्दल, घराच्या वाटणीवरून भावाशी झालेल्या बोलाचालीबद्दल, जे फक्त आईलाच सांगता आलं असतं ते सगळं. थोड्या वेळाने दोन टिका आल्या. आईच्या गोल फोटोच्या जागी कुणाची तरी मोटरसायकल होती. मग मेसेज आला, "कोण बोलताय?" माणूस भला होता, मी सांगितल्यावर त्याने सगळं पुसून टाकलं आणि माफीही मागितली, वास्तविक त्याची काहीच चूक नव्हती. पण मी आईशी बोललेलं परक्याने वाचलं ते वाचलंच. त्या दुकानाला मी आजही माफ केलेलं नाही.

हे कसं घडतं ते समजून घ्या, कारण तुमच्या बाबतीतही घड्याळ चालूच आहे. निदान 90 दिवस काहीच वापर नसेल तर कंपनीला प्रीपेड नंबर बंद करता येतो. (खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत 30 दिवसांनी पुढे जाते, पण शिल्लक संपली की संपलं.) बंद झालेला नंबर 90 दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो. व्हॉट्सॲप 120 दिवस वापरात नसलेलं खातं काढून टाकतं. तुम्हाला एक टिक दिसली म्हणजे मेसेज पोचला नाही एवढंच. न पोचलेला मेसेज व्हॉट्सॲपकडे 30 दिवस थांबतो आणि मग पुसला जातो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मेसेजची काळजी नको. या वर्षी मात्र दोन टिका आल्या तर त्या नंबरवर बहुधा दुसरं कुणीतरी आहे. नव्या माणसाला जुनं चॅट दिसत नाही, तुम्ही यापुढे पाठवाल ते दिसतं.

सिम अजून चालू असेल आणि नंबर ठेवायचा असेल तर नुसता फोन चार्ज करून कपाटात ठेवून भागत नाही. रिचार्ज चालू ठेवा आणि नाव बदलून घ्या. फॉर्मवर सही करण्याआधी वरचं शीर्षक स्वतः वाचा आणि पोचपावतीवर 'नाव बदल' लिहून घेतल्याशिवाय उठू नका. मी टेलिकॉममधली नाही की वकीलही नाही, कंपनीगणिक कागद वेगळे मागतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. आणि बाबांच्या नंबरवर बँकेचे ओटीपी येत असतील तर ते काम वेगळं आहे, बँकेत जाऊन रीतसर उरका.

उद्यापुरतं सोपं आहे. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तुमच्याच नावाचं चॅट उघडा आणि तिथे 'बाबा' म्हणून सुरुवात करा. माझं मत विचाराल तर वहीच बरी. मी आता वहीत लिहिते, दर वर्षाला एक पान, वर तारीख. फोन बदलतो, पासवर्ड विसरतो, वही घरात राहते.

एक बाजूची गोष्ट, पण ही आजच करा. बाबांचे आवाजी मेसेज तुमच्या फोनमध्ये असतील तर चॅट एक्स्पोर्ट करून मीडियासकट स्वतःला मेल करा. खूप जुनं चॅट असेल तर मीडियासकट शेवटचे सुमारे 10,000 मेसेजच येतात, म्हणून अँड्रॉइड असेल तर आवाजाच्या फायली सरळ या फोल्डरमधूनही उचला:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

त्यांची नावं `PTT-` ने सुरू होतात, पुढे तारीख असते, शेवट `.opus`. कुणाचा मेसेज कोणता ते नावावरून कळत नाही, तारीख चॅटशी ताडून पाहावी लागते. बाबांच्या जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप काढू नका आणि फोन रिसेटही करू नका. खातं गेलं तरी त्या फोनमध्ये साठलेले मेसेज ॲप काढेपर्यंत राहतात.

आता लिहिण्याचं. वर्षश्राद्धाला, पितृपक्षात काय करायचं ते ठरलेलं असतं, भटजी सांगतात, आपण करतो. गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला असं काही ठरलेलं नाही, म्हणून पेन हातात घेतलं की पेपरातल्या जाहिरातीची भाषा येते. 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ.' बाबांना स्वतःचे गुण माहीत होते, ते त्यांना कळवायची गरज नाही. तुम्ही त्यांना 'अरे बाबा' म्हणत असाल तर 'अरे'च म्हणा, 'अहो' म्हणत असाल तर 'अहो'. हे सांगते कारण मी स्वतः आईला जन्मभर 'तू' म्हटलं आणि पहिल्या वर्षी कागदावर 'आपण' लिहायला लागले, आणि दोन ओळींत अडकले. ती तिथे नव्हतीच.

या वर्षात घडलेलं लिहा. फोनवर काय सांगितलं असतं, तेवढंच. दवाखाना, शेवटचे दिवस, 'मी हे करायला हवं होतं' हे पहिल्या चार-पाच ओळींत आलं की मेसेज तिथेच बुडतो. यायचंच असेल तर मधे कुठेतरी एका वाक्यात येऊ द्या आणि पुढे चला. त्यांना एखादा खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवं आहे. शेवटी आशीर्वाद मागितलाच पाहिजे असं नाही.

गेल्या वर्षीचं माझं पान खाली देते. घरगुती भाग गाळला आहे, तुमच्यासारख्या कुणाला उपयोग होईल म्हणून.

"आई, आज तुझा वाढदिवस. सकाळी शेवयांची खीर केली. तू वेलदोडा सालासकट कुटायचीस, मी सोलून कुटते, म्हणून बाबांना ती 'तशी' लागत नाही. त्यांनी न बोलता दोनदा घेतली. गुडघा दुखतो त्यांचा, पण काठी घेत नाहीत. तू असतीस तर दोन दिवसांत घेतली असती. धाकटीला दहावीत गणितात चांगले मार्क पडले. निकाल लागला तेव्हा तिने पहिला तुझाच फोटो उचलून आणला. तुझ्या निळ्या इरकलीला बाजूला कसर लागली होती, मी ती उन्हात टाकली आणि काठ वाचला. एक विचारायचं होतं. मेतकुटात गहू किती भाजायचे, लालसर की नुसते गरम? मामीला विचारलं, ती वेगळंच सांगते. मला तुझं हवं आहे. भावाशी मी बोलायला लागले आहे. त्याने आधी फोन केला. एवढं तुला सांगायचं होतं."

बघा, यात 'तुझी खूप आठवण येते' हे वाक्य नाही. ते मी दोनदा लिहून खोडलं, कारण वेलदोड्यात ते येऊन गेलं होतं. तुम्हाला लिहावंसं वाटलं तर लिहा, माझा हट्ट नाही.

वयाचं म्हणाल, तर 'आज 78 वर्षांचे झाला असतात' अशी सुरुवात मला पटत नाही. त्या आकड्यापाशीच माणूस थांबतो. पण हे ज्याचं त्याने ठरवावं.

तारखेबद्दल एक. बाबांचा वाढदिवस कागदोपत्री 1 जून असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्या. त्या पिढीत जन्मतारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना मास्तर 1 जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या आईचंही तसंच होतं. खरा दिवस आत्याने सांगितला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा. आता मी पान त्या दिवशी लिहिते आणि 1 जूनला काही करत नाही. तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून कॅलेंडर आलं की लगेच खूण करून ठेवते.

आणि उद्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळपासून फोटो आणि हात जोडलेले इमोजी येतील. त्यांना काय उत्तर द्यायचं ते द्या, पण तुमचं पान त्याआधी लिहून घ्या. ग्रुप उघडल्यावर मला तरी कधी लिहिता आलेलं नाही. नाव बदलाच्या अर्जाला मी जे पत्र जोडलं होतं त्याचा मजकूर माझ्याकडे आहे, हवा असेल तर इथेच टाकते.