‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटातही पैसे असतात

भाऊ, विमानाचं तिकीट काढण्याआधी भाड्याची फोड उघडून बघ. ‘नॉन-रिफंडेबल’ वाचून लोक सगळ्या पैशांवर पाणी सोडतात, मीही एकदा सोडलं होतं. विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. समजा जळगाव-मुंबई तिकीट ४,१०० चं, त्यात मूळ भाडं ३,३०० आणि यूडीएफसारखे विमानतळाचे आकार व कर ८००. रद्द केलंस तरी ते ८०० मागून घ्यायचे.

तारीख बदलताना फी तर लागतेच, वर नव्या दिवसाच्या भाड्यातला फरकही. कधीकधी नवं तिकीट स्वस्त पडतं! सामान बहुधा १५ किलो, तेव्हा भरताची वांगी वजन करूनच भर.