‘राखीव’ की ‘शिल्लक’?

“डॉक्टर म्हणाले, वडिलांचा फिजिऑलॉजिकल रिझर्व्ह कमी झालाय. मराठीत ‘राखीव शक्ती’ म्हणावं का? आणि क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तर मग कमी झालं काय?”

‘राखीव शक्ती’ रूढ आहे, पण मला तो शब्द खटकतो. राखीव म्हटलं की वेगळी काढून ठेवलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. शरीरात असं कोठार नसतं. अवयव जास्तीत जास्त जेवढं काम करू शकतो, त्यातून रोजच्या कामाला लागणारं वजा केलं की उरतो तो रिझर्व्ह. वजाबाकीतून उरतं त्याला आपण शिल्लक म्हणतो, म्हणून मी ‘शिल्लक कुवत’ म्हणेन.

हृदयाचं पाहा. बसल्या जागी ठोके तिशीत सत्तर, ऐंशीतही साधारण तेवढेच. पण कमाल ठोके ढोबळमानाने २२० वजा वय, म्हणजे तिशीत १९० आणि ऐंशीत १४०. शिल्लक १२० वरून ७० वर आली. आरामात बसलेल्या माणसात हा फरक दिसणार कसा? ताप चढला, जिना चढला, की दिसतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मूत्रपिंडात आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि मूत्रपिंड ते रक्तातून गाळून बाहेर टाकतं. वयाबरोबर स्नायू घटतात, म्हणून ते कमी तयार होतं. मूत्रपिंडही कमी गाळतं. आवक आणि जावक दोन्ही घटल्या, म्हणून रक्तातला आकडा जागच्या जागी! कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं याचा अंदाज देतं आणि यासाठीच वय हिशेबात धरतं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. साठ किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १. तिशीत उत्तर येतं मिनिटाला सुमारे ९२ मिलिलिटर, ऐंशीत ५०. रिपोर्टवर दोघांचा आकडा एकच. (हा अंदाजच आहे, आणि प्रत्येकाचा उतार सारखा नसतो.)

आता या ऐंशीच्या गृहस्थांना दोन दिवस जुलाब झाले, अंग दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन घेतलं. पाणी घटल्याने मूत्रपिंडाकडे रक्त कमी येत होतंच. त्या गोळीने आत रक्त आणणारी नलिकाही आकसली. तिशीतला माणूस बहुधा हे पेलून नेतो. यांची लघवी कमी होते, आणि दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन १ वरून १.६ वर जातं. तेव्हा घरचे म्हणतात, “कालपर्यंत ठणठणीत होते.” होतेच, फक्त धक्का सोसायला शिल्लक थोडी होती.

क्रियापदही जपून निवडा. ‘शक्ती संपली’ म्हणू नका, कारण रोजचं काम चालूच असतं. ‘अवयव झिजले’ म्हणजे बिघाड झाला असं वाटतं. ‘शिल्लक आटत चालली’ हे मला सर्वांत नेमकं वाटतं: उपसा वाढेपर्यंत आटलेलं कळत नाही.