डी मोजमापावर का लावतात आणि फिल्टर असूनही किक का उरते?

प्रश्न: "पीआयडी कंट्रोलरमध्ये डी टर्म एररवर न लावता मेजरमेंटवर लावा आणि वर फिल्टरही टाका, असे सगळीकडे सांगतात. नुसता फिल्टर टाकला तर किक जाणार नाही का?"

नाही, जाणार नाही. किक म्हणजे सेटपॉइंट, म्हणजे हवे असलेले तापमान, बदलताच व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या आउटपुटला बसणारा क्षणिक झटका. नुसत्या फिल्टरने व्हॉल्व्हचे हाल काही वेळा अधिकच होतात. मी ज्या लूपवर हे शिकलो, त्याचेच आकडे घेऊन सांगतो.

वाफेच्या जॅकेटने तापणारी एक टाकी होती. कंट्रोलर दर सेकंदाला एकदा गणित करत असे. प्रपोर्शनल गेन दर अंश सेल्सिअसला ४ टक्के, इंटिग्रल टाइम ८० सेकंद आणि डेरिव्हेटिव्ह टाइम २० सेकंद असे ट्यूनिंग होते. टाकी ६० अंशांवर स्थिर असताना आउटपुट ४० टक्क्यांच्या आसपास राही. ऑपरेटरने सेटपॉइंट ६० वरून ६५ केला की व्हॉल्व्हच्या पोझिशनरमधून जोरात फुस्स असा आवाज येई आणि वाफेची लाइन ठोका बसल्यासारखी हादरे. ट्रेंडवर मात्र काहीच दिसत नसे, कारण तिथे दर १० सेकंदांनी एकच नोंद होत होती. त्यामुळे दोष व्हॉल्व्हच्या माथी आला आणि त्याचे पॅकिंग दोनदा बदलले गेले. शेवटी लॅपटॉप जोडून दर सेकंदाची नोंद घेतली, तेव्हा सेटपॉइंट बदलल्याच्या क्षणी आउटपुट एका सेकंदासाठी थेट १०० टक्क्यांना जाऊन आलेले दिसले.

त्या एका सेकंदाचे गणित सरळ आहे. एरर म्हणजे सेटपॉइंट वजा मोजलेले तापमान. पी टर्म तिच्या प्रमाणात, इंटिग्रल साठत गेलेल्या एररनुसार आणि डी टर्म तिच्या चढानुसार आउटपुट मागते. टाकीत शेकडो लिटर द्रव असल्यामुळे तापमान एका सेकंदात ५ अंशांनी बदलूच शकत नाही, पण सेटपॉइंट हा केवळ टाइप केलेला आकडा असल्याने तो क्षणात बदलतो आणि त्याच्याबरोबर एररही ५ अंशांची उडी घेते. डी टर्मला ही उडी सेकंदाला ५ अंश इतका चढ वाटते, म्हणून ती ४ गुणिले २० गुणिले ५, म्हणजे ४०० टक्के मागते. पी टर्मचे २० आणि इंटिग्रलचे ४० मिळवले की मागणी ४६० टक्के होते आणि ती १०० वर छाटली जाते. पुढच्याच सेकंदाला एरर स्थिर असल्याने डी पुन्हा शून्यावर येतो. गणित अधिक वेगाने, समजा दर ०.१ सेकंदाला केले, तर हा सुळका दहापट उंच आणि दहापट अरुंद होतो. म्हणजे वेगवान कंट्रोलर घेऊन हे दुखणे बरे होत नाही.

याचा परिणाम सेकंदाभराने संपतो, असेही नाही. आउटपुट मर्यादेवर अडकले असता इंटिग्रल फुगू न देणारे अँटी-वाइंडअप आमच्या कंट्रोलरमध्ये होते आणि छाटलेला भाग ते ४० सेकंदांच्या ट्रॅकिंग टाइमने इंटिग्रलमधून वजा करत असे. इथे छाटलेले ३६० टक्के होते, त्यामुळे त्या एकाच फेरीत इंटिग्रल ९ टक्क्यांनी खाली आला. टाकीला जास्त वाफ हवी असताना, किकनंतरचे आउटपुट साधारण ६० ऐवजी ५१ टक्क्यांच्या आसपास बसले. तापमान चढायला लागणारा तो उशीर आम्ही कितीतरी दिवस ट्यूनिंगचा दोष समजत होतो.

आता तुमचा खरा प्रश्न. एररवरच्या डीला २ सेकंदांचा फिल्टर लावला तर पहिल्या सेकंदाला ४०० ऐवजी १३३ टक्के येतात, मग ८९, मग ५९, असे ते उतरत जातात. या सगळ्यांची बेरीज पुन्हा ४०० च होते. फिल्टर किक काढून टाकत नाही, ती वेळेवर पसरतो. पी आणि इंटिग्रलचे ६० टक्के यात मिळवून पाहा: आता आउटपुट एक नव्हे तर तीन सेकंद १०० टक्क्यांवर अडकून राहते. पूर्ण उघडायला ६ सेकंद घेणारा व्हॉल्व्ह एका सेकंदात फार सरकत नाही, पण तीन सेकंदांत तो अर्धा प्रवास करून जातो.

म्हणून उपाय मुळाशी करावा लागतो. सेटपॉइंट स्थिर असेल तेव्हा एररचा चढ आणि मोजलेल्या तापमानाचा चढ हे नेमके एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे डी तापमानावर, उणे चिन्हासह लावला तर बाहेरून आलेल्या गडबडीला कंट्रोलर अगदी पूर्वीसारखाच उत्तर देतो, लूपची स्थिरता तीच राहते आणि ट्यूनिंगला हात लावावा लागत नाही. फरक पडतो तो फक्त सेटपॉइंट बदलताना. तेव्हा पी टर्मची २० टक्क्यांची उडी उरते, जी व्हॉल्व्हला सहज झेपते, आणि तापमान सेकंदाला ०.०५ अंशाने चढू लागले की डी उणे ४ टक्के देऊन हलका ब्रेक लावतो.

मग फिल्टर कशासाठी? तो मोजमापातल्या थरथरीसाठी. आमचे तापमान ०.१ अंशाच्या पायऱ्यांनी वाचले जात होते आणि शेवटचा अंक सतत वरखाली होई. फिल्टरशिवाय प्रत्येक पायरीला डी ८ टक्क्यांचा झटका देतो, म्हणजे टाकीत काहीही घडत नसताना व्हॉल्व्ह दिवसभर हलत राहतो. २ सेकंदांच्या फिल्टरने तोच झटका २.७ टक्क्यांवर येतो. दोन वेगळ्या दुखण्यांची ही दोन वेगळी औषधे आहेत आणि कोडमध्ये ती अशी एकत्र येतात; इथे `r` सेटपॉइंट, `y` मोजलेले तापमान, `u` आउटपुट, `I` इंटिग्रल, `Kp` प्रपोर्शनल गेन, `Td` डेरिव्हेटिव्ह टाइम, `Tf` फिल्टरचा काळ आणि `Ts` दोन फेऱ्यांमधला वेळ:

```
d = (Tf*d - Kp*Td*(y - y_prev)) / (Tf + Ts)
y_prev = y
u = Kp*(r - y) + I + d
```

फिल्टरचा काळ मी डेरिव्हेटिव्ह टाइमच्या दहाव्या भागापासून सुरू करतो आणि थरथर उरली तर पाचव्या भागापर्यंत वाढवतो. तो वाढवत डेरिव्हेटिव्ह टाइमइतकाच केला, तर वेगवान बदलांवर डीचा जोर पी टर्मपेक्षा अधिक कधीच होत नाही आणि उत्तरही उशिरा येते. अशा वेळी डी बंद करून नुसता पीआय ठेवलेला बरा.

असा कोड लिहिताना होणाऱ्या दोन चुका मी वारंवार पाहिल्या आहेत. पहिली, एररच्या `e` च्या जागी `y` लिहिताना उणे चिन्ह विसरणे. मग तापमान चढताना डी वाफ आणखी उघडतो आणि डेरिव्हेटिव्ह टाइम वाढवावा तसा लूप शांत होण्याऐवजी अधिक झोके घेतो. ओळखण्याची खूण हीच. दुसरी, सुरुवातीला `y_prev` शून्य ठेवणे. तसे केले तर पहिल्याच फेरीत तापमान शून्यावरून ६० वर गेल्यासारखे दिसते आणि वरचा फिल्टर असूनही डी उणे १६०० टक्के मागतो, म्हणजे व्हॉल्व्ह खाडकन बंद. पहिले वाचन `y_prev` मध्ये भरूनच गणित सुरू करावे आणि कंट्रोलर मॅन्युअलवर असतानाही ते प्रत्येक फेरीत ताजे ठेवावे, नाहीतर ऑटोवर टाकताना तोच झटका लहान प्रमाणात बसतो.

एका ठिकाणी मात्र मी ही रचना डोळे झाकून वापरणार नाही. सेटपॉइंट स्वतःच रॅम्पने, समजा मिनिटाला ३ अंशांनी, चढत असेल तर तापमान तंतोतंत त्याच्यामागे चालले तरी डी सतत ४ टक्के ब्रेक लावत राहतो आणि तापमान रॅम्पच्या थोडे अधिक मागे पडते. एररवरचा डी तिथे शून्य देतो आणि सेटपॉइंट उडी मारत नसल्याने किकही येत नाही. पण त्याच लूपवर ऑपरेटर मध्येच हाताने नवा सेटपॉइंट टाइप करू शकत असेल, तर डी मोजमापावरच ठेवावा आणि रॅम्पसाठी लागणारे ४ टक्के फीडफॉरवर्ड म्हणून वेगळे जोडावेत.