लाळ म्हणते घेतलं, रक्त म्हणतं नाही, केस म्हणतात अजूनही: एका घरातले तीन रिपोर्ट

"ताई, सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये पोलिसांनी माझ्या नवऱ्याची गाडी अडवली. लाळेत कोकेन आलं, पण नंतर रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. त्यानं तेव्हा सांगितलं, पार्टीत एकदाच घेतलं होतं, आता सोडलं. जानेवारीत केसांची चाचणी केली तर त्यात परत आलं. मग तो अजून घेतोय का? तिन्हींतला खरा रिपोर्ट कोणता?"

स्नेहा आणि निखिल ही खरी नावं नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. दोघं रेडिंगला राहतात, बोलणं व्हिडिओवर व्हायचं. स्नेहाला मी पहिल्यांदा एवढंच म्हटलं की तिन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, कारण प्रत्येकाला विचारलेला प्रश्न वेगळा होता. मग तिन्ही कागद समोर ठेवून आम्ही तारखा लावत बसलो.

निखिलच्या सांगण्याप्रमाणे त्यानं शुक्रवारी रात्री उशिरा कोकेन घेतलं. पोलिसांनी अडवलं शनिवारी संध्याकाळी, म्हणजे सुमारे वीस तासांनी. रक्तातलं कोकेन साधारण तासाभरात निम्मं होतं. ऐंशीचे चाळीस, चाळीसचे वीस, असं करत सकाळ उजाडेपर्यंत जवळजवळ काही उरत नाही. शरीर त्याचं बेंझॉइलएक्गोनिन नावाचं द्रव्य करतं, ते जरा सावकाश जातं, निम्मं व्हायला पाच ते आठ तास घेतं. रक्तात ते एखाद-दोन दिवस सापडतं. इंग्लंडच्या वाहन कायद्यात 2015 पासून दोघांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत: एक लिटर रक्तात कोकेन 10 मायक्रोग्रॅम आणि बेंझॉइलएक्गोनिन 50. निखिलच्या कागदावर पहिलं सापडलं नव्हतं, दुसरं तीसच्या आसपास होतं. कायद्याच्या दृष्टीनं तो सुटला. घरी मात्र "रक्त क्लीन आलं" एवढंच सांगितलं गेलं. मर्यादेखाली असणं आणि अजिबात नसणं यातला फरक स्नेहापर्यंत पोचलाच नाही, आणि माझ्या मते पुढचा अर्धा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

लाळेनं मग त्याच संध्याकाळी पकडलं कसं? लाळ रक्तापेक्षा थोडी आम्लधर्मी असते. कोकेनसारखी अल्कधर्मी द्रव्यं रक्तातून लाळेत उतरतात आणि तिथं अडकून राहतात, त्यामुळे लाळेतलं प्रमाण रक्तापेक्षा जास्त निघू शकतं. शिवाय नाकातून ओढलेल्या पावडरीतलं थोडं घशात, तोंडात उतरतं, त्याचाही सुरुवातीला वाटा असतो. कोकेन लाळेत साधारण एक ते दोन दिवस दिसतं. रस्त्यावरची पट्टी ही प्राथमिक चाळणी असते, म्हणूनच पोलिस नंतर रक्त घेतात. पण इथं पट्टी चुकली नव्हती. रक्तात तीसच्या आसपास आलेलं बेंझॉइलएक्गोनिन तेच सांगत होतं.

आता केस. स्नेहाचा पहिला विचार कंगव्यातले केस गुपचूप पाठवायचा होता. तो सोडून द्यायला मी सांगितलं. फसवणुकीचा भाग बाजूला ठेवला तरी गळलेले केस बहुतेक वाढ थांबलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरून काळ मोजता येत नाही. निखिल तयार झाला आणि नमुना रीतसर घेतला गेला: डोक्याच्या मागच्या बाजूनं, पेन्सिलीच्या जाडीची बट, त्वचेलगत कापलेली, मुळाकडचं टोक खूण करून फॉइलमध्ये गुंडाळलेली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. प्रयोगशाळेनं सहा सेंटिमीटरचे दोन तुकडे केले. मुळाकडचे तीन म्हणजे अंदाजे ऑक्टोबर ते जानेवारीची सुरुवात, त्यापुढचे तीन म्हणजे जुलै ते सप्टेंबर.

मुळाकडच्या तुकड्यात एका मिलिग्रॅम केसाला 0.6 नॅनोग्रॅम कोकेन, पुढच्यात 4.8. पॉझिटिव्ह म्हणायची प्रचलित रेषा 0.5 ची. स्नेहानं पाहिलं ते एवढंच, की दोन्हीपुढे पॉझिटिव्ह लिहिलंय. मी म्हटलं, आकडे शेजारी शेजारी ठेव. डोक्यावरचे दहा-पंधरा टक्के केस कुठल्याही वेळी विश्रांतीत असतात, म्हणजे वाढत नाहीत पण गळलेलेही नसतात. अशा केसाच्या मुळाजवळचा भाग ताजा नसतो, काही महिने जुना असतो, आणि बटीत तो बाकीच्यांबरोबरच कापला जातो. 4.8 चे दहा-पंधरा टक्के काढले तर साधारण 0.5 ते 0.7 येतात. म्हणजे माणसानं सप्टेंबरअखेर पूर्ण बंद केलं असलं तरी जानेवारीत एवढं उरणं अगदी शक्य आहे. तीन-चार महिने, कधी सहा महिन्यांपर्यंत ही शेपूट राहते. घेणं चालूच असतं तर मुळाकडचा आकडा असा आठपटीनं पडला नसता.

पण त्याच कागदानं निखिलची दुसरी गोष्ट मोडली. जुलै ते सप्टेंबरच्या 4.8 ला "पार्टीत एकदाच" जुळत नाही. केसांवरून ग्रॅमचा हिशेब निघत नाही हे खरं. कोकेन केसातल्या काळ्या रंगद्रव्याला चिकटतं आणि आपल्या काळ्या केसांत ते सोनेरी केसांपेक्षा जास्त साठतं. हाताला लागलेल्या पावडरीनंही केस बाहेरून माखू शकतात. म्हणून प्रयोगशाळा केस आधी धुते आणि शरीरात तयार होणारी द्रव्यंही शोधते. निखिलच्या रिपोर्टात कोकाएथिलिन होतं. कोकेन आणि दारू एकत्र पोटात गेली की ते यकृतात बनतं, नुसत्या माखण्यानं येत नाही. पुढच्या सत्रात निखिलनं कबूल केलं की उन्हाळाभर जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी चालू होतं.

तरी जानेवारीचा रिपोर्ट "त्यानं मधे एकदाही घेतलं नाही" असं सांगू शकत नाही, हे मी स्नेहाला स्पष्ट सांगितलं. एखाद्या वेळचं घेणं 0.6 मध्ये लपून जाईल. शेवटचा आठवडा-दहा दिवस तर केसांत नसतोच, कारण त्या काळातला केस अजून त्वचेबाहेर आलेला नसतो.

हा सगळा हिशेब कोकेनचा आहे. गांजाला तो जसाच्या तसा लावू नका, तिथं बरंच उलटं होतं. गांजातलं टीएचसी केसांत फार कमी उतरतं, त्यामुळे क्वचित ओढणारा केसांच्या चाचणीत सहज सुटतो. लाळेत येतं ते मुख्यतः धुराचं तोंडात बसलेलं, साधारण दिवसभर, रोज ओढणाऱ्यात आणखी लांब. रक्तातून ते क्वचित घेणाऱ्यात काही तासांत खाली येतं, पण चरबीत साठत असल्यानं रोज ओढणाऱ्याच्या रक्तात सोडल्यावरही कित्येक दिवस थोडंथोडं उतरत राहतं. त्यामुळे मुलाच्या केसांत काही आलं नाही म्हणून निर्धास्त झालेले आईवडील भेटले की मी आधी विचारते, शंका कशाची होती? एक्स्टसीचं मात्र कोकेनशी बरंच जुळतं. रक्तात आणि लाळेत एक-दोन दिवस, केसांत महिने.

स्नेहा-निखिलनी शेवटी दोन गोष्टी ठरवल्या, त्याच्या संमतीनं. एप्रिलअखेर पुन्हा फक्त मुळाकडचे तीन सेंटिमीटर तपासायचे, तोवर जुनी शेपूट बरीच ओसरलेली असेल. आणि मधल्या काळात, दिवस आधी न सांगता, लाळेची चाचणी. ठरलेल्या दर सोमवारी करू नका, असं मी सुचवलं. लाळेची नजर दोन दिवस मागे जाते, वार ठाऊक असला की उरलेले पाच दिवस मोकळेच राहतात.