नाव सारखं, म्हणून अडवणूक

माझं नाव अगदी कॉमन आहे. विमानतळावर आणि बँकेत दर वेळी मलाच का थांबवतात?

कारण यंत्रणा संशयितांच्या आणि निर्बंध घातलेल्या लोकांच्या यादीशी आधी मुख्यतः नावाची अक्षरं जुळवते, आणि तेही मुद्दाम सैलपणे. मोहम्मद हे नाव Mohammed, Muhammad, Mohamad असं कसंही लिहिलं जातं. खरा माणूस निसटू नये म्हणून ही सगळी एकच धरतात. यादीत पूर्ण जन्मतारीख असेल, तर कर्मचाऱ्याला फरक लगेच कळतो. पण कित्येक नोंदींत नुसतं जन्मवर्ष असतं, कधी तेही नसतं. मग तुमची कागदपत्रं मागवली जातात. खरा जाच पुढेच आहे: एका बँकेनं तुम्हाला मोकळं केलं, तरी ते दुसरीला कळत नाही. अमेरिकेच्या विमानप्रवासासाठी मात्र तिथल्या गृहसुरक्षा खात्याच्या DHS TRIP या तक्रार निवारण सेवेकडे अर्ज करा आणि मिळालेला रिड्रेस नंबर तिकीट काढतानाच भरा.